सहीशेजारचे नाव
(गृहमाता व गृहपालांच्या बैठकीत केलेले भाषण)



बोर्डिंगच्या फाटकाजवळ भेटीचे रजिस्टर असते, त्याविषयी आज बोलणार आहे.

मागच्या पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी दोन दिवसांच्या रजेवर गेली आणि चौथ्या दिवशीही परतली नाही. तिला नेणाऱ्याचे नाव आमच्या टाइप केलेल्या यादीत होते : तिचे काका. आम्ही त्यांच्या पाड्यावर गेलो. काका म्हणाले, "मी तर होळीपासून तिकडं आलोच नाही."

परत येऊन मूळ रजिस्टर उघडले. नावाचा रकाना कोरा होता. सहीच्या रकान्यात नुसता गिरगोट होता. 'रा. पा.' वाटला, म्हणून यादी करणाऱ्याने काकांचे पूर्ण नाव भरून टाकले होते. मागची पाने चाळली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तसाच गिरगोट सापडला. तीच दोन टिंबे, शेवटी तशीच खाली ओढलेली रेघ. तिथे मात्र गृहमातेने शेजारी स्वच्छ अक्षरात नाव आणि 'मामा' असे लिहिले होते. मुलगी मामांकडेच होती, तापाने आजारी. पण आमचा एक दिवस वाया गेला.

तेव्हापासून यादी करताना आम्ही तीन रकाने वेगळे ठेवतो. पहिल्यात वाचता येणारे नाव, जसे लिहिले तसे. शुद्धलेखनही सुधारायचे नाही. दुसऱ्यात सहीच्या जागी काय दिसते ते : 'पूर्ण सही', 'आद्याक्षरे रा. पा.', 'सही आहे, वाचता येत नाही', किंवा 'कोरे'. शेवटच्या दोघांत गल्लत करू नका. न वाचता येणारी सही म्हणजे कोणीतरी आले होते. कोरी जागा तेवढेही सांगत नाही. तिसऱ्यात आपला अंदाज, चौकटी कंसात आणि आधारासह. त्या ओळीची नोंद आता अशी आहे : '[मामा असावेत, दिवाळीच्या नोंदीतील सहीशी जुळते].' 'असावेत' हा शब्द गाळायचा नाही, कारण दोन माणसांचे गिरगोट सारखे असू शकतात. मूळ रजिस्टरात मागाहून काहीही लिहायचे नाही.

अंगठा असेल तर 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, एवढ्यावर थांबू नका. अंगठा कोणाचा आणि शेजारचे नाव कोणी लिहिले, तेही नोंदवा.

आणि मुळात ही वेळच येऊ नये म्हणून फाटकावरच्या माणसाने पाहुण्याला नाव, गाव आणि मुलाशी नाते विचारावे, पाहुण्यासमोरच स्वच्छ लिहावे, वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी. सही पाहुण्याची, अक्षर आपले. मूल कोणाबरोबर गेले, हे रात्री दहा वाजता कंदिलाच्या उजेडातही वाचता आले पाहिजे.