लग्नमंडपातला मुलांचा कोपरा

लगीनसराई तोंडावर आली आहे. मांडवात मोठी माणसं कामात असतात आणि पोरं आचाऱ्याच्या चुलाणापाशी, जनरेटरच्या मागे, नाहीतर पार्किंगमध्ये पळत असतात. म्हणून आमच्या गटातल्या बायका आता लग्नात मुलांचा कोपरा चालवतात. गेल्या उन्हाळ्यातल्या एका लग्नात बावीस मुलं होती, दोन वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची, आणि सांभाळायला आम्ही चौघी. तो दिवस कसा पार पडला, ते सांगते.

जागा घेतली शाळेच्या व्हरांड्यात. चूल, पाण्याचा हौद आणि गाड्या वळायची जागा, तिन्ही तिथून लांब. डीजेचे भोंगे विरुद्ध दिशेला तोंड करून होते, नाहीतर मुलांना आमचं बोलणंच ऐकू आलं नसतं. मागे भिंत, बाकी बाजूंना बाजा आडव्या उभ्या करून बांधल्या आणि आत-बाहेर करायला एकच फट ठेवली. त्या फटीत एक बाई बसलीच पाहिजे. मूल लघवीला निघालं तर दुसरी बाई सोबत जाते, दारातली हलत नाही.

मूल घेताना जुन्या साडीच्या काठाच्या दोन फिती करतो. दोन्हींवर एकच आकडा. एक मुलाच्या मनगटाला सैलसर बांधायची, दुसरी आणून सोडणाऱ्याच्या हातात द्यायची. वहीत मुलाचं नाव आणि आईचा मोबाईल नंबर लिहायचा. मनगटावर नाव मात्र लिहायचं नाही. नाव वाचून कुणीही अनोळखी माणूस मुलाला हाक मारू शकतो, आणि नावाने बोलावणारा मुलाला ओळखीचाच वाटतो. त्या लग्नात एक मामा फीत न आणता भाच्याला न्यायला आले. "मी परका आहे का?" म्हणून चिडले. दारातल्या ताईंनी वहीतून आईला फोन लावला, आईने हो म्हटलं, तेव्हाच मूल सोडलं. अशा वेळी बाईला एकटीला वाद घालावा लागू नये, म्हणून हा नियम यजमानांकडून आधीच माईकवर सांगून घ्यायचा. दोन वर्षांखालचं मूल आम्ही घेत नाही. त्याला कुशीच लागते.

आता काम. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना वेगवेगळे खेळ दिले की मोठ्यांचं लहानांना हवं होतं आणि रडारड सुरू होते. म्हणून सगळ्यांना मिळून एकच काम दिलं, मांडवासाठी पताका. लहानांनी भेंडीचे ठसे उमटवायचे. भेंडी देठाकडून आडवी कापली की फुलासारखा ठसा येतो. रंग म्हणून गेरू पाण्यात कालवला, पण वाटीत ठेवला नाही. ताटलीत ओल्या फडक्याची घडी घालून तिच्यावर ओतला, म्हणजे सांडत नाही. हळद टाळा. तिचा डाग साबणाने लाल होतो आणि आई घाबरते ती वेगळीच! लग्नाच्या कपड्यांवर बापाचे जुने शर्ट उलटे, बटणं पाठीकडे, चढवले. पाच ते आठ वर्षांच्या मुलांनी कागद तिरपा दुमडायचा, त्याहून मोठ्यांनी बोथट कात्रीने कापून सुतळीवर चिकटवायचा. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात ढवळून मंद आचेवर शिजवला की खळ होते. ती आदल्या दिवशी घरीच करून आणायची.

सागरगोटे, चिंचोके, मणी आमच्याकडे नसतात. तीन वर्षांखालचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि असली वस्तू श्वासनलिकेत अडकते. शेंगदाणे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडेही तसेच. सजावटीचे फुगे कुणी आणून दिले तर आम्ही सरळ परत करतो.

मोठी पोरं कामातून मोकळी झाली की आधी आवाज चढतो, मग पळापळ होते. आवाज चढतानाच दुसरं काम काढायचं. आम्ही रिकाम्या काडेपेट्या दिल्या. बोटाने उडवायची, उभी पडली तर दहा गुण, आडवी पडली तर पाच. भिंतीवर खडूने हिशेब लिहायला एका मोठ्या मुलीला बसवलं, आणि अर्धा तास कुणी जागचं उठलं नाही.

खरी कसोटी मंगलाष्टकांनंतर. अक्षता पडल्या की सगळे एकदम पंगतीकडे आणि मुलांकडे धावतात. मुहूर्त साडेबाराचा होता, म्हणून आम्ही मुलांना पावणेबारालाच वरण-भात भरवला. त्यामुळे आयांना घाई राहिली नाही आणि फिती एकेक करून तपासता आल्या. पाच मुलं तर गोधडीवर झोपूनच गेली.

पाठवणीच्या गडबडीत झोपलेलं मूल मागे राहण्याची भीती असते. म्हणून परत आलेल्या फिती वहीतल्या आकड्यांशी जुळवायच्या. शेवटची जोडी जुळेपर्यंत दारातली बाई उठत नाही, मग नवरी निघून गेली तरी चालेल.