तिळात 'ळ', तेलात 'ल'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

किराणा मालाच्या यादीतले तीन जिन्नस घेऊ : तीळ, गूळ आणि तेल. तेल निघते तिळातूनच. इतकेच नव्हे, तर 'तेल' हा शब्दही 'तिळा'तूनच निघाला आहे. मग तिळात 'ळ' आणि तेलात 'ल' असे का? आणि गुळात मुळात 'ल' नव्हताच, संस्कृतात तो 'गुड' होता. मग त्याला 'ळ' कुठून मिळाला?

'ल' कुठे आणि 'ळ' कुठे, हा प्रश्न शाळकरी मुलांना पडतो, इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना पडतो आणि मराठी शिकणाऱ्या अमराठी माणसाला तर फारच पडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत अनुस्वार आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहेत; पण 'ल' आणि 'ळ' यांच्यासाठी वेगळा नियम नाही. कानाला जे ऐकू येते ते लिहावे, एवढेच गृहीत धरलेले आहे. ज्याच्या कानावर लहानपणापासून प्रमाण मराठी पडली नाही, त्याने काय करायचे? त्याच्या हाती देण्यासारखा एक नियम आहे. तो वैयाकरणांनी घालून दिलेला नाही. भाषेच्या इतिहासात तो आपोआप घडला आहे. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीचा अभ्यास केला, त्यात या नियमाची मांडणी मिळते.

नियम असा : जुन्या शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकेरी 'ल' असेल, तर मराठीत त्याचा 'ळ' झाला. प्राकृतात तिथे जोड 'ल्ल' असेल, तर मराठीत 'ल' राहिला.

असे का झाले, ते जीभ हलवून पाहिले की समजते. 'ल' म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मुळाशी टेकते. 'ळ' म्हणताना तेच टोक मागे वळते आणि टाळूला चाटून पुढे येते. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा 'ल' सैलसर उच्चारला जात असे. हळूहळू जीभ मागे वळू लागली आणि त्याचा 'ळ' झाला. 'ल्ल' म्हणताना मात्र जीभ दातांशी घट्ट टेकून क्षणभर थांबते, त्यामुळे तो जागचा हलला नाही. पुढे मराठीने जोडाक्षरे सोपी केली, 'ल्ल'चा एकेरी 'ल' केला आणि बहुधा आधीचा स्वर लांबवला. पण तोवर 'ळ' होण्याचा काळ सरला होता, म्हणून हा नवा 'ल' तसाच टिकला.

आता यादीकडे वळू. संस्कृत 'तिल' शब्दात एकेरी 'ल', म्हणून तीळ. 'तैल' शब्दाचे प्राकृतात 'तेल्ल' झाले, म्हणून तेल. 'गुड' शब्दातल्या दोन स्वरांमधल्या 'ड'चाही असाच 'ळ' झाला. 'षोडश'चे सोळा आणि 'दाडिम'चे डाळिंब झाले, त्याच वाटेने गूळ आला. म्हणजे 'तिळगूळ' या एका शब्दातले दोन 'ळ' दोन वेगळ्या घरांतून आलेले आहेत.

हीच चावी इतर जोड्यांना लावून पाहा. 'गल' म्हणजे कंठ, त्याचा गळा झाला. 'गल्ल' म्हणजे कपोल, त्याचा गाल झाला. 'फल'चे फळ, 'फुल्ल'चे फूल. 'काल' म्हणजे समय, त्याचा काळ. पण आजच्या आदल्या दिवसाला आपण 'काल' म्हणतो, तो शब्द 'कल्य'वरून, प्राकृत 'कल्ल'वरून आला. 'वेला'ची वेळ, 'वल्ली'ची वेल. 'मूल'चे मूळ, 'मूल्य'चे प्राकृतात 'मोल्ल' आणि मराठीत मोल. 'मिल्' धातूपासून मिळणे; पण प्राकृत 'बोल्ल'पासून बोलणे आणि 'चल्ल'पासून चालणे. हिंदीत पाहिले तर मिलना, बोलना, चलना; तिन्हीकडे एकच 'ल'. म्हणून हिंदीवरून मराठीचा 'ळ' ओळखता येत नाही. गुजरातीत मात्र 'ळ' आहे आणि तो याच जागी आहे. गुजराती माणूसही मळवुं म्हणतो, पण बोलवुं आणि चालवुं म्हणतो. फळ म्हणतो, पण फूल म्हणतो. दोन शेजारच्या भाषांत वाटणी इतकी जुळते, ती योगायोगाने नव्हे.

आपल्या क्रियापदांचा भूतकाळही याच नियमात बसतो. गेला, आली, केले, पाहिलेला यांतला 'ल' प्राकृतातल्या 'इल्ल' या प्रत्ययातून आला आहे. तो जोड होता, म्हणून तिथे 'ळ' कधीच येत नाही. 'मिळालेला' हा शब्द पाहा : धातूचा 'ळ' आणि प्रत्ययाचा 'ल' शेजारी शेजारी नांदतात. 'काल कळले' या दोनच शब्दांत तर सगळा नियम सामावला आहे. मूल 'मिळाळे' लिहिते तेव्हा त्याला एवढेच सांगावे, की क्रिया झाली हे सांगणारा शेवटचा 'ल' बदलत नाही.

कोणी म्हणेल, आम्हाला संस्कृत येत नाही, प्राकृत तर मुळीच नाही. बरोबर आहे, आणि रोजच्या लिखाणात त्याची गरजही थोडी पडते. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी बरेच काम भागते. पहिली, शब्दाच्या आरंभी 'ळ' येत नाही. 'लाळ' शब्दातही पहिला 'ल'च. दुसरी, फारसी-अरबीतून किंवा इंग्रजीतून आलेल्या शब्दांत 'ल' असतो, कारण ते आले तेव्हा हा बदल होऊन गेला होता. म्हणून व्यापाऱ्याचा माल, पण गळ्यातली माळ. सन या अर्थी साल, पण भाताची साळ. दलाल, महाल, हॉटेल, बिल या सगळ्यांत 'ल'च.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. संस्कृत शब्द मराठीत दोन वाटांनी आले. काही लोकांच्या तोंडून झिजत झिजत आले, ते 'ळ' घेऊन आले. काही पुढे पोथ्यांतून आणि ग्रंथांतून जसेच्या तसे उचलले गेले, त्यांत 'ल' राहिला. 'कोमल' हा शब्द ग्रंथातला. तोच लोकांच्या तोंडी 'कोवळा' झाला. 'श्यामल' ग्रंथातला, 'सावळा' घरातला. कोमळ आणि सावला हे दोन्ही चुकतात, कारण त्यांत दोन वाटांची सरमिसळ होते.

यासाठी 'कुल' हा एकच शब्द नीट पाहू. कुल म्हणजे घराणे. घरात आपण कूळ म्हणतो, कुळाचार आणि कुळधर्म पाळतो. जमीन कसणारे कूळ, आणि त्याला संरक्षण देणारा १९४८ सालचा तो कूळकायदा. पण विद्यापीठाचे कुलगुरू, कुलपती, कुलसचिव हे सगळे 'ल'चे, कारण हे शब्द संस्कृत पद्धतीने जोडून घेतलेले आहेत. 'कुलकायदा' लिहिले तर जमीन कसणारा माणूस त्या शब्दातून नाहीसा होतो आणि घराण्याचा कायदा उरतो. शब्दाचा जोडीदार पाहावा, ही इथली खूण. जोडीदार संस्कृत असला तर बहुधा 'ल', मराठी असला तर 'ळ'. सरलता, पण सरळपणा. फलाहार, पण फळभाजी. मूलभूत आणि निर्मूलन, पण मूळगाव आणि पाळेमुळे.

'बहुधा' म्हणालो, कारण ही खूण शंभर टक्के चालत नाही. 'दुष्काळ' शब्दातला 'दुस्' संस्कृत असूनही आपण 'ळ' लिहितो. 'पण' हा प्रत्यय मराठी असूनही 'बालपण' रूढ आहे, आणि 'बाळपण'ही चुकीचे नाही. कमल-कमळ, सकल-सकळ या जोड्यांत दोन्ही रूपे चालतात. मंगल-मंगळ यांनी तर कामेच वाटून घेतली आहेत. कार्य मंगल, पण वार आणि ग्रह मंगळ. अशा ठिकाणी रूढीलाच प्रमाण मानावे. विशेषनामांत तर ज्याचे नाव त्याने लिहिल्याप्रमाणेच लिहावे. टिळकांचे 'तिलक' आणि होळकरांचे 'होलकर' हिंदीत होते, कारण तिथे हे अक्षर रूढ नाही. मराठी पाटीवर तसे लिहिण्याचे कारण नाही.

शेवटी उच्चाराविषयी. वऱ्हाडात आणि खानदेशात 'ळ'च्या जागी 'य' येतो : डोळ्याचा डोया, केळीची केयी. आगरी-कोळी बोलींत 'ळ'चा 'ल' होतो. वर्गात अशा मुलांना हसतात, आणि मग ती मुले बोलायचीच थांबतात. वास्तविक वऱ्हाडी मुलाजवळ नियमाची चावी आधीच असते. तो डोया म्हणतो, पण तेलाला तेय किंवा फुलाला फूय म्हणत नाही. जिथे त्याचा 'य' प्रमाण मराठीच्या 'य'शी जुळत नाही, तिथे 'ळ' लिहायचा, एवढे सांगितले की तो हे अक्षर सहसा चुकत नाही. 'ल' आणि 'ळ' यांतला भेद त्याच्या बोलीने सांभाळलाच आहे, फक्त वेगळ्या आवाजात. आगरी-कोळी घरातल्या मुलाला काल आणि काळ दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून त्याचे काम खरोखर अवघड आहे. त्याला शब्द जोडीने द्यावेत : गाल-गळा, फूल-फळ, वेल-वेळ, तेल-तीळ. दहा-वीस जोड्या हाताखालून गेल्या, की कानाने न दिलेले उत्तर हात देऊ लागतो.