इनॉल काही ठरवत नाही

टोकाला त्रिबंध असलेल्या अल्काइनमध्ये पाणी मिळवलं की कधी मिथिल कीटोन हाती येतो, कधी अल्डिहाइड. असं का, हे विचारलं की उत्तर येतं, 'इनॉलचं रूपांतर होतं म्हणून'. हे उत्तर कृपया सोडून द्या. दोन्ही वाटांवर इनॉल येतोच आणि दोन्हीकडे त्याचं रूपांतर होतंच. मग फरक त्याच्यामुळे कसा पडेल? भिंतीत खुंटी ठोकून झाली की तिच्यावरची पिशवी काढून शेजारी टांगता येते, पण खुंटी जागची हलत नाही. ऑक्सिजन ही खुंटी, हायड्रोजन ही पिशवी.

1-हेक्साइन घ्या. कुचेरोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने 1881 मध्ये दाखवलेल्या वाटेने, म्हणजे सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि मर्क्युरिक सल्फेट वापरून गेलात, तर पारा त्रिबंधाला धरतो आणि धनभार दुसऱ्या कार्बनकडे झुकतो, कारण शेजारच्या साखळीचा आधार त्यालाच आहे. पाणी तिथेच जोडलं जातं. खुंटी ठोकली गेली! पुढे पाऱ्याची जागा हायड्रोजन घेतो आणि शेवटी 2-हेक्सॅनोन मिळतो. आता डायसायअमिलबोरेन घ्या. हा रेणू अंगाने थोराड. तो मोकळ्या टोकाशी, पहिल्या कार्बनवर बसतो. साधं बोरेन दोनदा जोडलं जाण्याची भीती असते, म्हणून हा थोराड निवडायचा. मग अल्कलीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइड बोरॉनच्या जागी ऑक्सिजन आणतं, आणि त्या इनॉलचा हेक्सॅनल होतो.

कुणी म्हणेल, ॲसिटिलीनपासून पारा वापरूनही ॲसिटाल्डिहाइडच मिळतं, ते कसं? तिथे दोन्ही कार्बन सारखेच, दोघांवर एकेक हायड्रोजन; खुंटी कुठेही ठोका, अल्डिहाइडच होणार. दुसरा आक्षेप असा, की इनॉल आणि कीटोन यांच्यात समतोल असतो, मग ऑक्सिजनही सरकत असेल. नाही. आम्लात आधी कार्बनवर प्रोटॉन येतो, मग ऑक्सिजनवरचा जातो. या सगळ्यात कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतच नाही. उलट पिशवी उतरल्यावर खुंटी अधिक घट्ट बसते, एकेरी बंधाचा दुहेरी होतो. म्हणून पुन्हा सांगते, खुंटी आधी, पिशवी नंतर.

पडताळा सोपा आहे. हेक्सॅनल टॉलेन्सच्या द्रावणात चांदीचा आरसा देतो. 2-हेक्सॅनोन तो देत नाही, पण आयोडोफॉर्मचा पिवळा साका देतो. मात्र टॉलेन्समध्ये पांढरा साका दिसला, तर ते मूळ अल्काइन शिल्लक राहिल्याचं लक्षण समजा. हा साका वाळू देऊ नका, कोरडा झाल्यावर तो स्फोटक ठरू शकतो. ओला असतानाच सौम्य नायट्रिक आम्लाने नष्ट करा. अल्कलीत प्रोटॉन येण्या-जाण्याचा क्रम कसा उलटा होतो, तेही सांगायचं होतं, पण घड्याळ थांबायला सांगतंय.