बटण दाबल्यापासून भाषा निवडेपर्यंत

तुळजापुरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर डेबियन बसवायचं आहे, पेनड्राइव्ह लावलाय. बटण दाबताच मदरबोर्डवरच्या चिपमधला फर्मवेअर जागा होतो. तो आधी मेमरी आणि कीबोर्ड तपासतो, मग ठरलेल्या क्रमानं डिस्क धुंडाळतो. इथंच बहुतेकांचं अडतं! जुनीच प्रणाली उघडली, तर क्रमात हार्डडिस्क पुढे आहे असं समजा. पुन्हा सुरू करताना F12 किंवा F9 दाबून पेनड्राइव्ह निवडा. ही कळ कंपनीगणिक वेगळी असते.

पेनड्राइव्ह सापडला की त्यातला बूटलोडर हा छोटा प्रोग्राम मेनू दाखवतो. त्यातलं Graphical install घ्या. बूटलोडर कर्नल मेमरीत आणतो, कर्नल यंत्राचे भाग ओळखतो आणि भाषांची यादी उघडते. तिच्यात मराठीही आहे. हार्डडिस्कवर अजून काहीच लिहिलेलं नसतं.