“कृपया संधी द्यावी” काढून टाकल्यावर



जेवणाच्या आधी बोलायला उभं केलंय, तेव्हा एकाच गोष्टीबद्दल बोलते. मघाशी दोघी-तिघींनी विचारलं, “नोकरी सोडलीस, मग कामं येतात कुठून?” मी स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घेते. बहुतेक कामं येतात ती आधीच्या एका कामाबद्दल लिहिलेल्या पानभर मजकुरामुळे.

पहिल्या वर्षी मी लिहायचे, “सर्व प्रकारची कामं वाजवी दरात केली जातील, कृपया संधी द्यावी.” फोन खूप यायचे. कुणाला लग्नाची वेबसाइट हवी, कुणाचा प्रिंटर बंद, आणि घासाघीस सगळ्यांची. त्यांचा दोष नव्हता. मी नेमकं काय करते, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं.

मग एका घाऊक व्यापाऱ्यांच्या कामाबद्दल लिहिलं. सुरुवात त्यांच्याच तक्रारीनं केली : “गिऱ्हाईक फोनवर ताटकळतं आणि आमची ऑर्डरींची यादीच उघडत नाही.” यादीला 14 सेकंद लागत होते. पानावर 200 ऑर्डरी, आणि प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाचं नाव आणायला प्रोग्राम दुसऱ्या सर्व्हरवरच्या डेटाबेसकडे वेगळी फेरी मारत होता. वाण्याकडे जाऊन दर जिन्नसागणिक घरी परत यावं, तसं. मी सगळी नावं एकाच फेरीत आणली. यादी दीड सेकंदात उघडू लागली.

हे मोजलं कसं, तेही लिहिलं : त्यांच्याच दुकानातल्या संगणकावर, ऐन गर्दीच्या वेळी, आधी आणि नंतर दहा-दहा वेळा. माझ्या लॅपटॉपवर आकडा अजून देखणा आला असता, पण कुणी पडताळायला बसलं असतं तर मी तोंडघशी पडले असते. (पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं की बाई गुण कापायच्या, तेव्हा फार राग यायचा!) “विक्री वाढली” असं लिहायचा मोह झाला होता. पण दिवस दिवाळीचे होते. वाढ माझ्यामुळे की सणामुळे, हे सांगता येईना. म्हणून गाळलं. वर्षाचा अहवाल अजूनही रेंगाळतो, हे मात्र ठेवलं. मजकूर आधी व्यापाऱ्यांना दाखवला. त्यांनी दुकानाचं नाव काढायला सांगितलं, ते काढलं.

शेवटी विनंतीच्या जागी तीन वाक्यं लिहिली : “चालू पण मंदावलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करते. नवीन वेबसाइट बनवत नाही. आधी तीन दिवसांची तपासणी, तिचं शुल्क वेगळं.”

फोन एकदम कमी झाले. दोन आठवडे कुणीच नाही, तेव्हा घाबरून ते दुसरं वाक्य खोडायलाच निघाले होते. मग एका औषध वितरकांचा फोन आला : “ते तुम्ही लिहिलंय ना, तसंच आमचं होतंय. तीन दिवस कधी देता?”