गेलेली बॉडी परत येते, मग क्रिएटिन कशाला?

मी देवळ्यातून बोलतोय. दिवसभर कोड लिहितो, संध्याकाळी जिम. आणि एक विचित्र हौस आहे, मित्रांच्या जिमच्या वह्या एक्सेलमध्ये भरायची. आजचा विषय त्यातूनच निघाला.

आपल्याकडे जिम सुटायला कारण लागत नाही, कांदा पुरतो. माझा एक मित्र आहे, माळकरी, पक्का शाकाहारी. उन्हाळ कांद्याची लागवड, मग काढणी, मग चाळीत भरणी, या सगळ्यात त्याची 7 महिने जिम बंद होती. आधी तो 100 किलोचा स्क्वॉट 5 रेप्स मारायचा. परत आला तेव्हा मांड्या बारीक झालेल्या, आणि पहिला प्रश्न, "भाऊ, क्रिएटिन घेतलं तर लवकर परत येईल का रे?"

आधी हे समजून घ्या की गेलेलं परत मिळवणं हे नव्याने कमावण्यापेक्षा बरंच सोपं असतं. फिनलंडमध्ये 2024 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने सलग 20 आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने 10 आठवडे केला, 10 आठवडे पूर्ण सुट्टी घेतली, मग पुन्हा 10 आठवडे केला. सुट्टीवाले साधारण 5 आठवड्यांत जुन्या जागी पोचले, आणि शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. सुट्टीत स्नायूंचा आकार जास्त घटला, ताकद त्यामानाने कमी. म्हणजे आरशात दिसतं तेवढं नुकसान झालेलं नसतं. आठवतंय ना, 2020 ला मार्चपासून दसऱ्यापर्यंत महाराष्ट्रातल्या जिम बंद होत्या? तेव्हाही रडलेले बरेच जण नंतर परत आलेच की.

आता क्रिएटिन. जड सेट मारताना पहिले काही सेकंद स्नायू जी ऊर्जा वापरतो, ती पटकन पुन्हा भरून देणारा साठा म्हणजे हे क्रिएटिन. साठा जास्त असेल तर शेवटच्या सेटला एखाद-दोन रेप्स जास्त निघतात. बास, एवढंच काम. स्नायू वाढतो तो त्या जादा रेप्समुळे.

नेमका आपला प्रश्न बेल्जियममध्ये तपासला गेला होता, 2001 साली. तरुण मुलांचा एक पाय 2 आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, मग 10 आठवडे व्यायाम करून घेतला. प्लास्टरमध्ये असताना क्रिएटिनवाल्यांचाही पाय बारीक झालाच, ते काही थांबलं नाही. पण व्यायाम सुरू झाल्यावर त्यांची मांडी आणि ताकद जास्त वेगाने भरली. आता हे 2 आठवडे प्लास्टरचं प्रकरण, 7 महिने कांद्याचं नाही. त्यामुळे मी "मदत होते" इतकंच म्हणेन.

मित्राला मी सांगितलं, पहिले 4 आठवडे काही घेऊ नकोस. आधी नुसत्या व्यायामाने काय होतं ते वहीत दिसू दे. 100 वर उडी न मारता त्याने 60 पासून, दोनच सेटने सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात 80 वर, तीन सेट. डबा न उघडता 20 किलो परत! मग रोज 5 ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. हे कारखान्यात रसायनांपासून बनतं, मांसातून काढत नाहीत, त्यामुळे माळेची अडचण नाही. उलट शाकाहारी माणसाचा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्याला फरक जास्त पडण्याची शक्यता. काही जण पहिला आठवडा रोज 20 ग्रॅम घेतात, साठा लवकर भरतो. रोज 3 ते 5 ग्रॅमने तोच साधारण महिन्याभरात भरतो. कांदा परत यायच्या आत महिना निघतो, घाई कसली?

वजन 68 चं 69 झालं तेव्हा गडी खूश. म्हटलं, हे पाणी आहे, स्नायूत ओढलेलं. काट्यावर जाऊ नको, वही बघ. वहीत काय दिसलं? 80 ला तिसऱ्या सेटमध्ये तो 3 रेप्सवर अडकायचा, नंतर 5 निघू लागल्या. अकराव्या आठवड्यात 100 आले. पण वेग मात्र डबा उघडल्यानंतर कमीच झाला होता, कारण जुन्या हद्दीजवळ गेलं की तो कमी होतोच. त्यामुळे त्या 100 मधले किती किलो क्रिएटिनचे, हे एका माणसाच्या वहीवरून सांगता येणार नाही. दुकानदार सांगेल, तो भाग वेगळा!

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. लांब सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जुना व्यायाम काढला आणि अंग भयंकर दुखून लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर सरळ दवाखाना गाठा. त्यात किडनीला धोका असतो. आणि क्रिएटिन चालू असताना रक्त तपासलं तर क्रिएटिनिन थोडं जास्त येऊ शकतं, त्यामुळे डॉक्टरांना आधीच सांगा की हे घेतोय. किडनीचा त्रास आधीपासून असेल, तर विचारल्याशिवाय डबा आणूच नका.