वारसा आणि नक्कल



जुन्या वास्तूचे रूप उचलणे निराळे आणि तिच्यातील युक्ती उचलणे निराळे. बंगळूरचे विधानसौध (१९५६) पाहा. मंदिराची शैली बाहेर, सरकारी कचेऱ्या आत. ती नक्षी काढून घेतली, तरी आतल्या कामात काही उणे पडणार नाही.

आता मुंबईतील चार्ल्स कोरियांची ‘कांचनजंगा’ (१९८३) घ्या. मजले अठ्ठावीस, घरे बत्तीस. समुद्राच्या वाऱ्यासाठी मुंबईत घर पूर्व-पश्चिम उघडे हवे. परंतु तापते ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच वाटेने आत येतात. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा घालून हा पेच सोडविला होता. ऊन-पाऊस व्हरांड्यात अडे, वारा आत जाई. कोरियांनी तोच व्हरांडा उंच मनोऱ्यात नेला. प्रत्येक घराला त्यांनी इमारतीच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची, बागेजोगी गच्ची दिली. बांधकाम काँक्रीटचे, कौले नाहीत, कमानी नाहीत. तरी ती गच्ची बुजविली तर घर उन्हापावसाला उघडे पडेल.

तेव्हा आधी ऊन, वारा व पाऊस पाहावा. पूर्वजांनी त्यांना काय उत्तर दिले ते शोधावे. मग ते आजच्या साहित्यात मांडावे.

ही घरे श्रीमंतांची, हे खरे. एका खोलीच्या बिऱ्हाडाला एवढी गच्ची कोठून मिळणार? त्याला याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधावे लागेल.